#तान्हापोळा की #TanhaPola? मराठी पोस्टसाठी हॅशटॅगची लिपी कशी ठरवावी



मागच्या वर्षी पोळा २२ ऑगस्टला होता, म्हणजे तान्हा पोळा २३ ला. शाळेत आम्ही तो दोन दिवस आधीच, गुरुवारी घेतला. चौथीच्या मुलांनी लाकडी बैल सजवले. त्यासाठी पळसाच्या वाळल्या फुलांचा आणि हळदीचा रंग स्वतः केला, आणि कृती फलकावर लिहून तिच्यासोबत फोटो काढले. मी ती पोस्ट शाळेच्या इन्स्टाग्राम पानावर टाकली आणि खाली घाईघाईत चार हॅशटॅग दिले: #Tanha, #Pola, #Bail आणि #नागपुरात. आपलं काम झालं असं समजून मी फोन बाजूला ठेवला.

सोमवारी एका विद्यार्थिनीची आई भेटली. म्हणाली, "सर, माह्या बहिणीले पाठवाची होती ती पोस्ट. लय शोधली जी मी, पण कुठंच दिसून नाही राहिली." बहीण पुण्याला राहते आणि तिच्या मुलाला तान्हा पोळा म्हणजे काय ते दाखवायचं होतं. मी तिलाच म्हटलं, "ताई, कसं शोधलं ते माझ्यासमोर करून दाखवा." तिने माझ्यासमोर `tanha pola` असं इंग्रजी अक्षरांत, एका शब्दापुढे दुसरा असं टाइप केलं. जी यादी आली त्यात आमची पोस्ट नव्हती. मग मी माझा स्वतःचा #Tanha उघडून पाहिला आणि मला हसू आलं. तिथे एकटेपणाची हिंदी-उर्दू शायरी, रात्रीचे फोटो आणि तुटलेली हृदयं भरलेली होती. 'तन्हा' म्हणजे एकटा! आमचे चौथीचे सजलेले बैल त्या शायरांच्या गर्दीत उभे होते.

त्या दिवसापासून मी हा विषय थोडा नीट अभ्यासला. जे हाती लागलं ते इथे एका उदाहरणावरून, तान्ह्या पोळ्याच्याच, मांडतो. ज्यांना आपल्या वर्गाचं काम योग्य माणसापर्यंत पोहोचवायचं आहे, त्यांना उपयोगी पडेल.

१. हॅशटॅग म्हणजे नेमकं काय होतं?

२००७ साली ऑगस्टमध्ये ख्रिस मेसिना यांनी ट्विटरवर सुचवलं की एखाद्या विषयाच्या पोस्टी एकत्र आणायला शब्दाआधी # हे चिन्ह लावावं. कल्पना अगदी साधी आहे. ती टपाल कार्यालयातल्या खणांसारखी समजा. प्रत्येक खणावर एक चिठ्ठी आहे. चिठ्ठीवर जे अक्षरशः लिहिलं आहे तेच पत्र त्या खणात जातं. #पोळा हा एक खण, #Pola हा दुसरा. आपल्याला दोन्हींचा अर्थ एकच वाटतो, पण यंत्र अर्थ पाहत नाही, अक्षरं पाहतं.

नेहमीच्या गूगल शोधात थोडी सूट मिळते. तिथे आपण इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द लिहिला तरी यंत्र बऱ्याचदा ओळखून घेतं. त्यामुळे आपल्याला वाटतं की हॅशटॅगही तसंच करेल. तसं होत नाही. फक्त एक सवलत असते: इंग्रजी अक्षरं मोठी की लहान, याने खण बदलत नाही. #TanhaPola आणि #tanhapola हे एकच. म्हणून प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं लिहावं. खण तोच राहतो आणि वाचणाऱ्याला शब्द सुटे दिसतात. देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नाहीत, त्यामुळे चार शब्द जोडलेला देवनागरी हॅशटॅग वाचताना धाप लागते. तिथे दोन शब्दांवर थांबावं.

हॅशटॅगमध्ये मोकळी जागा चालत नाही. जागा आली की खण तिथेच संपतो. `#तान्हा पोळा` असं लिहिलं तर फक्त #तान्हा एवढाच हॅशटॅग होतो. काहीजण मध्ये अधोरेघ देतात, `#तान्हा_पोळा`. ते चालतं, पण तो परत तिसराच खण होतो, आणि फोनवर अधोरेघ शोधायला कळफलकाचं दुसरं पान उघडावं लागतं. शोधणारा माणूस एवढे कष्ट घेत नाही.

२. रोमन लिपीचा घोळ: एक शब्द अनेक रूपांत, अनेक शब्द एका रूपात

आपण मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहितो तेव्हा दोन गोष्टी एकदम होतात. त्या वेगळ्या करून पाहिल्या की पुढचा निर्णय सोपा जातो.

पहिली गोष्ट, एकच शब्द वेगवेगळी माणसं वेगवेगळा लिहितात. याला दूर जायला नको, आपलं गावच घ्या. देवनागरीत आपण सगळे 'खापरखेडा' लिहितो. पण इंग्रजीत? इथल्या औष्णिक वीज केंद्राचं इंग्रजी नाव Khaperkheda असं लिहितात, मधे e. गावातली माणसं आणि दुकानांच्या पाट्या बहुतेक Khaparkheda लिहितात, मधे a. एका अक्षराचा फरक, पण हॅशटॅगच्या दृष्टीने दोन गावं झाली. बदली होऊन केंद्रात आलेल्या माणसाच्या आदेशावर e असतो, म्हणून तो e ने शोधतो. इथे जन्मलेला a ने शोधतो. आपल्या तालुक्याचंही तेच. सरकारी इंग्रजीत Saoner, आणि कानाला जसं ऐकू येतं तसं लिहिणारा Savner लिहितो.

दुसरी गोष्ट उलटी आहे. वेगवेगळे शब्द इंग्रजी अक्षरांत एकसारखे दिसू लागतात. आपल्या ळ ला तिथे वेगळं अक्षर नाही, तो l होतो. त आणि ट दोन्ही t होतात, न आणि ण दोन्ही n. त्यामुळे माझे तिन्ही रोमन हॅशटॅग फसले. #Tanha मध्ये शायरी होती हे सांगितलंच. #Pola उघडला तर तिथे मुलींची नावं होती, आणि बंगाली सवाष्णी घालतात त्या 'शाखा-पोला' बांगड्या होत्या. #Bail तर थेट कोर्टकचेरीत घेऊन गेला, कारण इंग्रजीत bail म्हणजे जामीन. आमचा बिचारा बैल जामिनाच्या बातम्यांत बसला होता!

#TanhaPola असा जोडून लिहिला असता तर मात्र हा घोळ झाला नसता. शायरीत 'तन्हा पोला' असं कोणी म्हणत नाही. म्हणजे रोमन लिपीच वाईट असं नाही. सुटा, छोटा रोमन शब्द धोक्याचा, आणि दोन शब्द जोडलेला रोमन हॅशटॅग बऱ्यापैकी सुरक्षित.

३. देवनागरीचा फायदा, आणि तिचेही तीन खड्डे

देवनागरीत #पोळा लिहिलं की तिथे बांगड्या येत नाहीत. ळ हे अक्षरच राखणदाराचं काम करतं. आपल्या भागात हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण आपण हिंदीच्या शेजारी राहतो. छत्तीसगडमध्येही हा सण आहे, पण तिथे तो 'पोला' असतो. म्हणून #पोला मध्ये तिकडच्या पोस्टी आणि #पोळा मध्ये आपल्या, अशी आपोआप विभागणी होते. तसंच #नागपूर आणि #नागपुर. दीर्घ पू मराठी, ह्रस्व पु हिंदी. एका मात्रेवर वाचकवर्ग बदलतो. #शिक्षकदिन मराठी माणूस शोधेल, #शिक्षकदिवस हिंदी माणूस. रोमन #Nagpur मध्ये मात्र हिंदी, मराठी, इंग्रजी सगळे एकत्र असतात.

आता खड्डे पाहू.

पहिला खड्डा विभक्तीचा, आणि मराठी शिक्षक म्हणून याची मला सगळ्यात जास्त लाज वाटली. मी #नागपुरात असा हॅशटॅग दिला होता. आपण पाचवी-सहावीला सामान्यरूप शिकवतो: नागपूर, पण नागपुरात, खापरखेडा, पण खापरखेड्यात, पोळा, पण पोळ्याला. प्रत्यय लागला की शब्दाचं अंगच बदलतं. इंग्रजीत in Nagpur लिहिलं तरी Nagpur तसाच राहतो, म्हणून तिथले लोक वाक्याच्या मध्येच हॅशटॅग देऊ शकतात. मराठीत तसं केलं की प्रत्ययासकट नवा खण तयार होतो, आणि त्या खणात आपण एकटेच. शोधणारा कधीही 'पोळ्याच्या' असं शोधत नाही, तो 'पोळा' शोधतो. म्हणून मराठीत नियम सरळ आहे: हॅशटॅग वाक्यात नको, शेवटी वेगळ्या ओळीत, आणि शब्द मूळ रूपात.

दुसरा खड्डा न दिसणारा आहे. वऱ्हाडी माणसाला तो नक्की भेटतो. 'वऱ्हाड' या शब्दातला तो वाकडा अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो. काही कळफलक त्यासाठी ऱ हे वेगळं अक्षर वापरतात आणि त्याला हलन्त जोडतात. काही साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह वापरतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण यंत्राला ते दोन वेगळे शब्द आहेत. अॅप या शब्दातल्या अॅ चंही असंच आहे. यावर उपाय एकच: असा शब्द आला तर तो स्वतः टाइप करण्याऐवजी # लावून पहिली दोन-तीन अक्षरं लिहा आणि खाली जी सूचना येते तीवर बोट ठेवा. म्हणजे ज्या खणात आधीच माणसं आहेत तोच खण आपल्याला मिळतो.

तिसरा खड्डा जुन्या अॅपचा. देवनागरीत मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही संगणकाच्या दृष्टीने अक्षराला जोडलेली वेगळी चिन्हं आहेत. सुरुवातीला ट्विटरसारख्या ठिकाणी यंत्र त्यांना अक्षर मानत नव्हतं, म्हणून देवनागरी हॅशटॅग पहिल्याच मात्रेशी तुटायचा. आता मोठ्या ठिकाणी ही अडचण नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत, डोंबिवलीला साहित्य संमेलन भरलं त्याच सुमारास, ट्विटरवर मराठी लोकांनी #ट्विटरसंमेलन भरवलं होतं, तेही देवनागरी हॅशटॅगवर. पण शाळेचं एखादं छोटं अॅप वापरत असाल तर पोस्ट टाकल्यावर पाहून घ्या: हॅशटॅगचा पूर्ण शब्द निळा झाला का, की मध्येच रंग संपला? रंग जिथे संपला तिथे हॅशटॅग संपला.

४. लिपी आपण ठरवायची नाही, शोधणाऱ्याकडून शिकायची

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग देवनागरीच द्यावी की सर. मराठीचा अभिमान म्हणून मलाही तसंच वाटलं. पण त्या आईने तर `tanha pola` असंच टाइप केलं होतं! तिला देवनागरी वाचता येते, मुलीचा गृहपाठही ती घेते. मात्र फोनवर तिची बोटं इंग्रजी अक्षरांवर चालतात. वाचायची लिपी आणि टाइप करायची लिपी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही मुख्य गोष्ट मला इथे कळली.

म्हणून पुढच्या पालक सभेत मी एक छोटा प्रयोग केला. "तुम्ही कोणत्या लिपीत शोधता?" असं विचारलं नाही. तसं विचारलं तर माणूस जे बरं दिसतं ते सांगतो. मी म्हटलं, "तुमचा स्वतःचा फोन काढा आणि तान्ह्या पोळ्याचे फोटो शोधून दाखवा." मग प्रत्येकाने काय केलं ते वहीत तीन रकान्यांत लिहिलं: रोमन टाइप केलं, देवनागरी टाइप केलं, की माईकचं बटण दाबून बोलले. आणि नेमकी अक्षरं जशीच्या तशी उतरवून घेतली.

तरुण आई-वडील बहुतेक रोमन लिहिणारे निघाले. त्यातल्या काहींचा कळफलक असा की रोमन लिहिलं की वर देवनागरी शब्द सुचतो. ते सुचलेल्या शब्दावर बोट ठेवत, म्हणजे लिहिलं रोमनमध्ये पण शोध गेला देवनागरीत. आजी-आजोबांनी माईक दाबला. इथे एक गंमत दिसली. ज्यांच्या फोनची भाषा मराठी होती त्यांच्या पडद्यावर 'तान्हा पोळा' उमटलं. एका आजोबांच्या फोनची भाषा हिंदी होती, तिथे 'तन्हा पोला' उमटलं. आजोबा शुद्ध मराठीत बोलले, पण फोनने हिंदी ऐकलं! आपल्याकडे वीज केंद्रामुळे आणि कोळसा खाणींमुळे हिंदी बोलणारी बरीच कुटुंबं आहेत, आणि मराठी घरांतही फोन हिंदीत असणं नवीन नाही.

हा प्रयोग कोणालाही करता येतो. पंधरा-वीस माणसं पुरतात. मात्र ती आपल्याच शिक्षकांपैकी नसावीत, कारण आपण मराठी टाइप करायला सरावलेलो असतो आणि आपल्याला वाटतं सगळेच तसं करतात.

५. शोधणारा कोण, हे आधी लिहून काढा

एक गोष्ट विसरू नये. जो पालक आपलं पान आधीच पाहतो त्याला हॅशटॅगची गरज नाही. त्याला पोस्ट तशीही दिसते. हॅशटॅग असतो तो अनोळखी माणसासाठी. तर आमच्या पोस्टसाठी अनोळखी माणसं कोण होती?

एक, इतर शाळांचे शिक्षक, ज्यांना लाकडी बैल सजवण्याची कृती हवी. ते मराठी माध्यमाचे, मराठी टाइप करणारे. त्यांच्यासाठी देवनागरी.

दोन, गावातून बाहेर गेलेली माणसं. पुण्याची ती मावशी, किंवा परदेशात राहणारं मराठी कुटुंब. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांमध्ये जाणारी मुलं देवनागरी शिकतात खरी, पण घरातला फोन इंग्रजीत असतो. त्यांच्यासाठी रोमन, जोडून लिहिलेला.

तीन, नव्याने बदली होऊन आलेलं कुटुंब, जे गावाचं नाव टाकून इथल्या शाळा कशा आहेत ते पाहतं. हे कुटुंब आपल्यासाठी फार महत्त्वाचं, कारण पटसंख्या याच्यावर अवलंबून असते. ते जवळजवळ नेहमी गावाचं नाव रोमनमध्ये टाइप करतात, कारण नकाशावर आणि कागदपत्रांवर त्यांनी ते तसंच पाहिलेलं असतं.

यातून एक ढोबळ नियम मिळाला. सणाचं, खेळाचं, धड्याचं नाव, म्हणजे ज्या शब्दाचं मराठीपण त्याच्या अक्षरांत आहे, ते देवनागरीत. गावाचं, जिल्ह्याचं नाव रोमनमध्ये. आणि सणाच्या नावाची एक जोडलेली रोमन प्रत सोबतीला.

प्रत्येक शब्दाला हा नियम सारखा लागत नाही. तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी नागपुरात मारबत निघते. मारबत या शब्दात ळ नाही, हिंदीतही तो तसाच लिहितात, आणि रोमनमध्ये बहुतेक सगळे Marbat असंच लिहितात. तिथे देवनागरीने भाषा वेगळी होत नाही आणि रोमनने घोळही होत नाही. अशा वेळी फक्त पालक सभेतली ती वही पाहायची: आपले लोक जे टाइप करतात ते द्यायचं.

६. खण उघडून शेजार पाहा

हॅशटॅग पक्का करण्याआधी मी आता एक तपासणी करतो. तो हॅशटॅग उघडायचा आणि पहिल्या बारा पोस्टी पाहायच्या. आपल्या विषयाच्या किती? समजा #Pola मध्ये बारापैकी एखादीच बैलाची निघाली, तर त्या खणात लाखो पोस्टी असल्या तरी आपल्याला उपयोग नाही. समजा #तान्हापोळा मध्ये बारापैकी अकरा निघाल्या, तर पोस्टी कमी असल्या तरी तो खण आपला. आकडा मोठा पाहून भुलू नये, शेजार पाहावा.

ही तपासणी स्वतःच्या फोनवर न करता दुसऱ्याच्या फोनवर करावी. आपण काय पाहतो ते अॅपला ठाऊक असतं, म्हणून आपल्या फोनवर आपल्याच पोस्टी वर येतात आणि आपली समजूत होते की सगळं छान चाललंय. माझी अशीच समजूत झाली होती.

आणखी एक बारीक गोष्ट. माणूस पूर्ण हॅशटॅग टाइप करत नाही. पहिली चार-पाच अक्षरं लिहितो आणि खाली आलेल्या यादीतून निवडतो. म्हणून ओळखीचा शब्द आधी यायला हवा. #आमच्याशाळेचातान्हापोळा हा कोणालाच सापडणार नाही, कारण 'आमच्या' ने सुरुवात करून तान्हा पोळा कोण शोधेल? आणि #तान्हाPola अशी दोन लिप्यांची खिचडी तर मुळीच नको. मधेच कळफलक बदलून कोणी शोधत नाही.

७. मग आम्ही काय दिलं?

एकेकाळी इन्स्टाग्रामवर एका पोस्टला ३० हॅशटॅग चालायचे आणि लोक सगळे ३० भरायचे. आता मोजकेच वापरण्याकडे कल आहे. यूट्यूबवर तर एका व्हिडिओला ६० च्या वर हॅशटॅग दिले तर सगळेच बाद धरतात. मी पाचांत भागवतो. तीच पोस्ट दुरुस्त केली तेव्हा शेवटची ओळ अशी झाली:

```
#तान्हापोळा #लाकडीबैल #TanhaPola #Khaparkheda #Nagpur
```

पहिले दोन शिक्षकांसाठी. तिसरा पुण्याच्या मावशीसाठी. चौथा नव्याने आलेल्या कुटुंबासाठी, पाचवा जिल्ह्यातल्या बाकी सगळ्यांसाठी. #नागपूर दिला नाही, कारण आपल्या पालकांपैकी कोणी तो टाइप करताना दिसला नाही. तुमच्या गावात दिसला तर जरूर द्या.

आणि तो e वाला Khaperkheda? त्याला सहावा हॅशटॅग केला नाही. तो मजकुरात एका वाक्यात घातला, 'खापरखेडा (Khaperkheda), ता. सावनेर' असा. आजकाल या अॅपचा शोध हॅशटॅगसोबत पोस्टचा मजकूरही वाचतो, त्यामुळे दुसरी रूपं तिथे ठेवता येतात. मजकूर मात्र पूर्ण देवनागरीतच ठेवला. आपलं वाचायचं मराठी देवनागरीतच असावं, शोधायची खूण तेवढी पाहुण्याच्या सोयीची.

वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटात हॅशटॅगवर बोट ठेवून काही उघडत नाही. तरी तिथे तो खुणेचा शब्द म्हणून चालतो: प्रत्येक गृहपाठाला #गृहपाठ लिहिलं तर पालक गटातल्या शोधात तो शब्द टाकून जुने संदेश काढू शकतात. पण तिथेही अक्षराला अक्षर जुळावं लागतं. आज #गृहपाठ आणि उद्या #Homework लिहिलंत तर अर्धेच सापडतील. एक रूप ठरवा आणि वर्षभर तेच ठेवा.

एक सावधगिरी सांगतो. चांगला हॅशटॅग म्हणजे अनोळखी माणूसही पोहोचतो. म्हणून गावाच्या नावाचा हॅशटॅग ज्या पोस्टवर आहे, तिथे मुलांची नावं लिहू नका आणि चेहऱ्यांपेक्षा हात आणि काम दाखवा. दुरुस्त करताना मी आमचे दोन फोटो काढून टाकले. बैल सजवणारे हात ठेवले, ते जास्त छान दिसले.

दुरुस्तीनंतर त्या ताईंना मी परत शोधायला सांगितलं. या वेळी त्यांनी `#tanhap` एवढंच लिहिलं, यादीतून नाव निवडलं आणि थोडं खाली सरकवल्यावर हळदीच्या रंगातला बैल दिसला. "हा त आपल्या पोरीचा बैल व्हय!" असं म्हणून त्यांनी लगेच बहिणीला पाठवला.

पुढच्या पोळ्याआधी आपल्या पालक सभेत तो तीन रकान्यांचा प्रयोग करून पाहा. तुमच्या गावाचं नाव पालक किती तऱ्हांनी लिहितात, ते खाली जरूर कळवा. मला वाटतं खापरखेड्यापेक्षा जास्त रूपं असणारी गावं बरीच निघतील.